सत्तावीस कार्डं आणि एक टॉवेल

"मॅडम, धुतल्यावर जीएसएम कमी होतो."

हे वाक्य मी इतक्या आत्मविश्वासाने बोललो की समोरच्या बाईंनी ते डायरीत लिहून घेतलं. व्हायवाला परीक्षकांसमोर माझी बोबडी वळायची, पण त्या दिवशी गळ्यात 'एक्झिबिटर'चा बिल्ला होता ना! अंगात बारा हत्तींचं बळ होतं. उत्तर मात्र साफ चुकीचं होतं. ते कसं कळलं आणि कसं निस्तरलं, त्याचीच ही गोष्ट.

साल २०१९. मी थर्ड इयरला, मेकॅनिकलला होतो. आठवड्यातले दोन दिवस अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात इंटर्न म्हणून जायचो. काम काय, तर चार मागांसमोर वही घेऊन उभं राहायचं, माग कधी थांबला आणि का थांबला ते लिहायचं. कानात दिवसभर खडाखड, डोक्यात कापसाचे तंतू. संध्याकाळी हॉस्टेलवर आलो की रूम पार्टनर म्हणायचा, "काय बे, आज किती वेळा थांबला तुझा माग?"

त्याच वर्षी २५ ते २७ सप्टेंबरला सोलापुरात टेक्स्टाइल डेव्हलपमेंट फाउंडेशनने टेरी टॉवेलचं मोठं प्रदर्शन भरवलं, 'व्हायब्रंट टेरी टॉवेल ग्लोबल एक्स्पो अँड समिट'. सोलापूरची चादर सगळ्यांना ठाऊक असते. पण चादरीसारखंच भौगोलिक मानांकन सोलापूरच्या टेरी टॉवेललाही आहे, हे हॉस्टेलवर सांगितलं तर अर्ध्या पोरांना खरं वाटत नाही. (त्यातल्या प्रत्येकाच्या दोरीवर सोलापूरचाच टॉवेल वाळत असतो, ही गोष्ट वेगळी!) आमच्या शेठनी प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. माणसं कमी होती, म्हणून मॅनेजरकाकांनी मला विचारलं, "येतोस का तीन दिवस? चहा-जेवण आमच्याकडे." मेसची त्या आठवड्याची भाजी आठवली आणि मी एचओडी सरांच्या सहीचा अर्ज घेऊन धावलो.

पहिल्या सकाळी काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, भाव कुणालाही सांगायचा नाही, आणि आपण कुणाला माल देतो तेही नाही. "तू इथं शिकायला आलायस. कळलेलं सगळं बोलायचं नसतं." दुसरी, स्वतःला 'कंपनीचा इंजिनिअर' म्हणवून घ्यायचं नाही. माझ्याकडे व्हिजिटिंग कार्ड नव्हतंच. काकांनी कंपनीची पाच-सहा कार्डं दिली आणि मागे पेनने माझं नाव आणि खाली 'प्रशिक्षणार्थी' असं लिहायला लावलं. तेव्हा फार लाज वाटली. पण त्या शब्दाचा फायदा दुसऱ्या स्टॉलवर गेल्यावर कळला. तीन दिवसांचं भाडं भरून उभा राहिलेला माणूस प्रत्येकाकडे गिऱ्हाईक म्हणून बघतो. आपण पाच मिनिटं प्रश्न विचारून शेवटी "मी स्टुडंट आहे" म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. आधीच सांगितलं की तो एकतर हात जोडतो, नाहीतर खरंच बोलतो. बोलायची वेळही असते. अकरा ते एक खरेदीदारांची गर्दी, तेव्हा कुणाच्या स्टॉलवर जाऊ नये. दुपारी चारच्या सुमारास चहा फिरायला लागला की माणसं खुर्चीत टेकतात आणि मोकळी होतात.

हे न कळल्यामुळे पहिल्या दिवशी एका ठिकाणी मी ओरडा खाल्ला. एका टॉवेलची जॅकार्डची बॉर्डर आवडली म्हणून खिशातून मोबाईल काढला, आणि मागून आवाज आला, "ओ, फोटो कुणाला विचारून?" त्यांचं बरोबर होतं. डिझाइन हाच त्यांचा माल. गळ्यात दुसऱ्या कारखान्याचा बिल्ला घालून फोटो काढणारा पोरगा म्हणजे त्यांच्या दृष्टीने चोरच. मी सॉरी म्हणून सटकलो.

कार्डं मात्र भराभर जमत होती. मला वाटायचं, जितकी कार्डं तितक्या ओळखी! बुधवारी रात्री हॉस्टेलवर पलंगावर पत्त्यांसारखी मांडून बसलो, आणि लक्षात आलं की अकरा कार्डांपैकी सहांचे चेहरेच आठवत नाहीत. कोण काय बोललं, मी कुणाला काय पाठवतो म्हणालो, सगळा गोंधळ. दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "कार्डाच्या मागे लिही की." लिहायला गेलो तर अर्धी कार्डं गुळगुळीत लॅमिनेशनची, बॉलपेन नुसतं घसरतं. काहींची मागची बाजूही छापलेली. शेवटी खिशात मावणारी दोन रुपयांची वही आणि स्टेपलर घेतला. एका पानावर एक कार्ड टाचायचं आणि खाली तीनच ओळी लिहायच्या: कधी आणि कुठे भेटलो, त्यांनी काय विचारलं, आणि मी काय कबूल केलं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण पहिल्या दोन विसरल्या तर आपलं नुकसान, तिसरी विसरली तर आपण खोटे ठरतो. लिहायचं लगेच, माणूस वळून गेला की. पुढचा माणूस आला की आधीचा पुसला जातो.

या वहीनेच मला पकडलं.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास पुण्याहून आलेल्या एक मॅडम स्टॉलवर थांबल्या. हॉटेलांना आणि हॉस्पिटलांना चादरी-टॉवेल पुरवायचा त्यांचा व्यवसाय. काका शेजारी दुसऱ्या पार्टीशी बोलत होते. मॅडमनी एक पांढरा टॉवेल उचलला, चिमटीत धरून पाहिला आणि विचारलं, "हा कितीचा?"

"७५ बाय १५० सेंटिमीटर, ४५० जीएसएम, मॅडम."

"म्हणजे नगाचं वजन?"

हे मला येत होतं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. पाऊण मीटर गुणिले दीड मीटर म्हणजे १.१२५ चौरस मीटर, त्याला ४५० ने गुणलं की ५०६ ग्रॅम. मी तोंडी सांगितलं. मॅडम खूश झाल्या.

"आणि धुतल्यावर?"

इथे मी म्हणायला हवं होतं, "काकांना विचारून सांगतो." पण आधीचं उत्तर बरोबर आल्याची नशा होती. धुताना टॉवेलमधून तंतू निघतात, वजन घटतं, म्हणजे जीएसएम घटणार, असा झटपट हिशेब करून मी ते सुरुवातीचं वाक्य ठोकून दिलं. त्यांनी लिहून घेतलं, कार्ड दिलं आणि पुढे गेल्या. मी वहीत लिहिलं: 'गुरुवार, १२ वा. धुतल्यावर जीएसएम विचारला. कमी होतो असं सांगितलं.'

रात्री मेसमध्ये ताटावर बसून वही चाळत होतो. तेव्हा दोरीवरचा माझा स्वतःचा टॉवेल डोळ्यासमोर आला. घरून आणला तेव्हा तो गुडघ्यापर्यंत यायचा. आता? टॉवेल आटतो की! जीएसएम म्हणजे ग्रॅम भागिले चौरस मीटर. मी वरच्या ग्रॅमचा विचार केला आणि खालच्या मीटरला विसरलो. वजन थोडं घटलं आणि क्षेत्रफळ जास्त घटलं, तर उत्तर वाढायला हवं. फर्स्ट इयरचं पोरगं सांगेल!

आटण्याचं कारणही मला माहीत होतं, नव्हे, रोज डोळ्यासमोर होतं. टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात. एकाचे दोरे जमिनीचे, म्हणजे कापडाची पाठ धरणारे, ते ताणून ठेवलेले. दुसऱ्याचे दोरे पाइलचे, ते सैल सोडलेले, त्यांचेच वर फासे उभे राहतात आणि पाणी शोषतात. मागावर ताणून बसलेला जमिनीचा दोरा पाण्यात गेला की अंग सैल करतो आणि आखूड होतो. म्हणून टॉवेल रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतो.

रात्री झोप लागली नाही. मॅडम आमच्या उत्तरावर विसंबून हॉटेलला काही लिहून देतील, माल आटलेला निघेल आणि बोट कारखान्याकडे दाखवलं जाईल. काकांना सांगावं की गप्प बसावं? बोलणं झालं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. रूम पार्टनरने सल्ला दिला, "सोड बे, तिच्या लक्षात पण नसेल." पण त्या बाईंनी डायरीत लिहिलं होतं, हे मी पाहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी स्टॉल उघडायच्या आधी काकांना सांगितलं. वाटलं, आता बिल्ला काढून घेणार. काकांनी पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "बरोबर उत्तर काय?" मी म्हटलं, "वाढतो." "किती?" आता मात्र मी गप्प. काका म्हणाले, "मग आधी एवढंच कळव की कालचं उत्तर चुकलं. आकडा मागून दे. आकड्याची वाट बघत चूक तशीच ठेवू नको."

मी लगेच माझ्या जीमेलवरून लिहायला बसलो, तर काकांनी थांबवलं. मॅडम माझ्याकडे आल्या नव्हत्या, कारखान्याच्या स्टॉलवर आल्या होत्या. ती ओळख कारखान्याची. म्हणून मेल कंपनीच्या पत्त्यावरून गेला, खाली माझं नाव आणि 'प्रशिक्षणार्थी', आणि सीसीमध्ये काका. मी पुढे कारखाना सोडून गेलो तरी मॅडमना कुणाशी बोलायचं ते कळलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. मेल तीनच वाक्यांचा होता. काल दुपारी आपण आमच्या स्टॉलवर पांढऱ्या टॉवेलबद्दल विचारलंत, तेव्हा मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. धुतल्यावर टॉवेल आटतो आणि जीएसएम कमी न होता वाढतो. आम्ही प्रत्यक्ष धुऊन पाहत आहोत, सोमवारी आकडे कळवतो.

प्रदर्शन संपलं. शनिवारी कारखान्यात गेलो. स्टॉलवर होता त्याच लॉटमधले दोन टॉवेल घेतले. एक धुवायचा, एक तसाच ठेवायचा. सॅम्पल धुवायला तिथे एक साधं घरगुती वॉशिंग मशीन होतं. ६० अंशाच्या पाण्यात तीन वेळा धुतला, सावलीत वाळवला. रविवारी घटस्थापना होती, तरी वॉचमनमामांना मस्का मारून आत शिरलो आणि तराजूवर टॉवेल ठेवला. ५२१ ग्रॅम! धुतल्यावर वजन १५ ग्रॅमनी वाढलं? क्षणभर वाटलं, आपण कापडशास्त्रात नवा शोध लावला. मग हात लावून पाहिला तर वरून कोरडा, पण काठाच्या शिवणीत ओल. सप्टेंबरची दमट हवा आणि कापूस, दुसरं काय होणार! कापूस हवेतलं पाणी पितो. म्हणून दोन्ही टॉवेल एकाच टेबलावर शेजारी शेजारी पसरून रात्रभर ठेवले. म्हणजे हवा जी असेल ती दोघांना सारखीच.

सोमवारी सकाळी मोजलं. न धुतलेला ७५ बाय १५०, वजन ५०६. धुतलेला ७३ बाय १४२, वजन ४९८. म्हणजे तंतू गेले फक्त ८ ग्रॅम. पण क्षेत्रफळ १.१२५ वरून १.०३७ चौरस मीटरवर आलं. ४९८ भागिले १.०३७, जीएसएम झाला ४८०. चारशे पन्नासचा टॉवेल धुतल्यावर चारशे ऐंशीचा झाला होता, आणि लांबीला आठ सेंटिमीटर कमी.

तेव्हा लक्षात आलं की मॅडमच्या कामाचा आकडा जीएसएम नव्हताच, ते आठ सेंटिमीटर होते. हॉटेलने ७५ बाय १५० चा टॉवेल मागितला तर त्यांच्या हातात, धुतल्यानंतर, तेवढा राहायला हवा. मग उलटा हिशेब केला. धुतल्यावर ७५ बाय १५० हवा तर तयार करताना साधारण ७७ बाय १५८.५ ठेवावा लागेल. आणि त्यांना धुतल्यावरचा ४५० जीएसएम पुरत असेल, तर धुतल्यावर वजन ५०६ हवं, म्हणजे आधी ५१४. ते वजन मोठ्या मापावर पसरलं की आधीचा जीएसएम येतो सुमारे ४२१. म्हणजे मापाला मोठा, जीएसएमला हलका, आणि सूत जास्तीचं नगामागे फक्त ८ ग्रॅम. काकांनी कागद दोनदा वाचला. "हे पाठव," म्हणाले, "पण भावाचं अक्षर नको."

सोमवारचा मेल मी चार वेळा लिहिला. पहिल्या खर्ड्यात 'आपणास भेटून अत्यंत आनंद झाला' पासून सुरुवात होती आणि आकडा सोळाव्या ओळीत. काकांनी वरच्या सगळ्या ओळी खोडल्या. विषयाच्या ओळीत टॉवेलचं माप आणि 'धुतल्यानंतरचे आकडे' एवढंच. आत आधीच्या आणि नंतरच्या मोजमापांच्या दोन ओळी. मग चाचणी कशी केली ते: एकच टॉवेल, घरगुती मशीन, ६० अंश, तीन धुणी, सावलीत वाळवलेला, लॅबची चाचणी नाही. ही ओळ मी गाळणार होतो, कारण त्याने आपलं काम बारीक दिसतं असं वाटलं. काका म्हणाले, "तीच ठेव. त्यांची लॉन्ड्री वेगळी असेल, तर त्यांना कळू दे." शेवटी एकच प्रश्न: आपल्याकडे टॉवेल कसे वाळवतात?

मेल गेला, आणि सामसूम.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी दिवसातून दहा वेळा काकांना विचारायचो, "आलं का?" शेवटी ते वैतागले. "अरे, नवरात्र चालू आहे, माणसांना कामं आहेत. तुझा मेल म्हणजे काय रिझल्ट आहे?" मला फोन करावासा वाटत होता, व्हॉट्सॲप करावंसं वाटत होतं. काकांनी दोन्हीला नाही म्हटलं. कार्डावर मोबाईल नंबर असला तरी त्यांनी प्रश्न स्टॉलवर विचारला होता, घाई त्यांना नव्हती, मला होती. ८ ऑक्टोबरला दसरा झाला. गुरुवारी, १० तारखेला, काकांनी आठवण पाठवायला सांगितलं. त्याच मेलला उत्तर म्हणून, म्हणजे खाली जुने आकडे आपोआप राहतात आणि त्यांना शोधावं लागत नाही. 'आपण माझा मेल पाहिला नाहीत का' असलं काही नाही. दोनच ओळी: आकडे खाली आहेत, हवे असल्यास त्याच लॉटचे दोन टॉवेल पाठवतो, आपल्या लॉन्ड्रीत धुऊन पाहावेत.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. इंग्रजीत, चार ओळींचं. त्यांच्याकडे गरम हवेच्या ड्रायरमध्ये वाळवतात, त्यामुळे आमच्यापेक्षा जास्त आटेल असं त्यांना वाटत होतं. दोन टॉवेल पाठवा, आम्ही धुऊन मापं कळवतो. आणि एक ओळ माझ्यासाठी होती: शुक्रवारचा मेल आला नसता तर चुकीचा आकडा त्यांच्या कोटेशनमध्ये गेला असता. म्हणजे खरंच गेला असता! मी ती ओळ तीनदा वाचली आणि गार पडलो.

टॉवेल पाठवायलाही दोन दिवस लागले, कारण कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांत आमच्या पॅकिंग खात्यातली निम्मी माणसं होती. पुढचं बोलणं काका आणि मॅडममध्ये झालं. दिवाळीनंतर एक छोटा लॉट गेला एवढं मला कळलं. त्याचं माप ७७ बाय १५८.५ नव्हतं, ड्रायरमुळे त्याहून थोडं मोठं ठेवावं लागलं. माझे आकडे तसे वापरलेच गेले नाहीत. पण विचारायचं कुठलं माप हे त्या आकड्यांमुळे ठरलं.

आता माझ्या स्वतःच्या ओळखींचं काय झालं, तेही सांगतो. तिथे हसू नका.

सत्तावीस कार्डांच्या मी तीन गड्ड्या केल्या होत्या. चौदा कारखान्याच्या गिऱ्हाइकांची, ती काकांकडे दिली. आठ सूत, रंग, सुटे भाग विकणाऱ्यांची, त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. उरली पाच, ज्यांच्याशी मी माझ्या कामाबद्दल बोललो होतो. या पाचांना मी प्रदर्शन संपल्याच्या रात्रीच, काकांना न विचारता, एकच मेल कॉपी-पेस्ट करून पाठवून दिला. सोबत तीन पानी रेझ्युमे, ज्यात छंद म्हणून 'वाचन व मित्र जमवणे' होतं. एका साहेबांच्या मेलमध्ये वर नाव दुसऱ्याच साहेबांचं राहिलं. पाचांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. का येईल? मी त्यांना आठवलो नव्हतो, फक्त त्यांच्याकडून काय हवं ते आठवलं होतं.

मॅडमचं उत्तर आल्यावर डोक्यात उजेड पडला. त्यांनी उत्तर दिलं ते मी चांगला मुलगा होतो म्हणून नाही. माझ्या मेलमध्ये त्यांनी विचारलेलं काहीतरी होतं. मग वही उघडली आणि पाचांची तिसरी ओळ पाहिली. चारांची कोरी. मी कुणालाही काही कबूल केलं नव्हतं, कुणी मला काही विचारलंही नव्हतं, नुसत्या गप्पा झाल्या होत्या. पाचव्या पानावर मात्र लिहिलेलं होतं. एका कारखान्यातले मेंटेनन्स इंजिनिअर चहा पिताना म्हणाले होते की नवीन बीम चढवल्यावर पहिल्या पाळीत माग जास्त थांबतो असं त्यांना वाटतं, पण मोजलेलं नाही. मी म्हटलं होतं, माझ्या वहीत असेल, बघून सांगतो. आणि साफ विसरलो होतो!

वही काढली. चार माग, सहा पाळ्या. बीम बदलल्यानंतरच्या पाळीत एका मागाचं थांबणं सरासरी ३१ वेळा, नंतरच्या पाळ्यांत १८. काकांना विचारलं, हे बाहेर सांगू का? ते म्हणाले, कारखान्याचं नाव आणि मागाचे नंबर काढ, मग सांग. एका पानाचा तक्ता केला आणि फक्त त्या साहेबांना लिहिलं. सुरुवातीला दोन आठवडे उशीर झाल्याबद्दल आणि आधीच्या कॉपी-पेस्ट मेलबद्दल माफी. रेझ्युमे नाही, 'संधी द्यावी' नाही.

दोन तासांत उत्तर आलं, तेही प्रश्नाच्या रूपात: "यातले पाइलचे दोरे तुटून किती आणि ग्राउंडचे तुटून किती?"

मी 'ताणा तुटला' एवढंच लिहीत होतो. पाइलचा की जमिनीचा, हे कधी वेगळं केलंच नव्हतं. सहा पाळ्यांची मेहनत, आणि मुख्य रकाना गायब. पुढचे तीन आठवडे नवीन रकाना घालून पुन्हा मोजलं आणि पाठवलं. बीम बदलल्यानंतरचे जास्तीचे थांबे बहुतेक पाइलच्या बाजूचे निघाले. त्यांनी एका शनिवारी त्यांच्या कारखान्यात बोलावलं, सैल बीमवरचा ताण कसा बसवतात ते दाखवलं, आणि त्यातूनच माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट उभा राहिला. नोकरी त्यांनी दिली नाही, मीही मागितली नाही.

तर हिशेब असा: कार्डं सत्तावीस, ओळखी दोन. त्यातली एक कारखान्याची आणि एक माझी.

ती वही अजून माझ्याकडे आहे. गंजलेल्या स्टेपलच्या पिना, फिकट झालेली कार्डं, आणि गुरुवारच्या पानावर माझ्याच अक्षरात 'कमी होतो असं सांगितलं'. त्याखाली काकांनी लाल पेनने एकच शब्द लिहिलाय: 'कळवलं.'